जुनी पेटी, तबला किंवा गिटार घेताना किती पैसे सांगायचे आणि किती द्यायचे

मुलाला क्लास लावलाय, सर म्हणाले घरी रियाजाला वाद्य हवं, नवीन पेटीचा भाव ऐकून घरात शांतता पसरली आणि मग कुणीतरी म्हणालं की जुनी बघूया ना. माझ्याकडे येणारे बहुतेक फोन इथूनच सुरू होतात. मी दुकानदार नाही, ऐरोलीत राहतो, पेटी शिकतो आणि गेल्या काही वर्षांत ठाणे-वाशी पट्ट्यात ओळखीपाळखीच्या लोकांसाठी बरीच जुनी वाद्यं बघायला गेलोय. त्यामुळे खाली लिहिलेलं बरंचसं पेटीबद्दल आहे. तबला आणि गिटार शेवटी आहेत, कारण हिशोबाची रीत तिन्हीकडे एकच आहे, फक्त झिजणारा भाग वेगळा.

रीत अशी. विकणारा पहिल्यांदा सांगतो की आम्ही ही अमुक साली अमुकला घेतली होती. ते ऐकून घ्या आणि बाजूला ठेवा, त्या आकड्याचा किमतीशी काही संबंध नाही. तशीच पेटी आज नवीन घ्यायला गेलो तर किती पडेल, हा पहिला आकडा. त्याचे काही टक्के धरायचे, जणू पेटी वयाच्या मानाने ठणठणीत आहे असं समजून, हा दुसरा आकडा. त्यातून ती खरंच ठणठणीत करायला जो खर्च येईल तो पूर्णच्या पूर्ण वजा करायचा, अर्धा नाही. शेवटी बॅग-बिग असेल तर थोडे मिळवायचे. बस. भांडण होतं ते तिसऱ्या पायरीवर, कारण विकणाऱ्याला त्याची पेटी चांगलीच वाटत असते, आणि तुम्हाला काय बिघडलंय हे दाखवता आलं नाही तर तुम्ही उगाच घासाघीस करताय असं त्याला वाटतं.

आधी "तशीच" म्हणजे कशी ते लिहून घ्या

फोनवरच चार गोष्टी विचारा. पट्ट्या किती, ३७ म्हणजे तीन सप्तकं, ३९ म्हणजे सव्वातीन, ४२ म्हणजे साडेतीन. सुरांच्या, म्हणजे आतल्या पितळी जिभल्यांच्या, लाइन किती, म्हणजे एक पट्टी दाबली की आत किती सूर बोलतात, दोन असतील तर बहुतेक जाड आवाजाचा खर्ज आणि त्याच्या वरचा नर, तीन असतील तर खर्ज-नर-मादी किंवा खर्ज-नर-नर. कपलर आहे का, म्हणजे एक पट्टी दाबली की वरच्या सप्तकातली तीच पट्टी आपोआप दाबली जाते का. आणि स्केलचेंजर आहे का, म्हणजे पट्ट्या सरकवून सूर बदलता येतो का. या चार गोष्टींवर नव्या पेटीची किंमत दुपटी-तिपटीने बदलते, त्यामुळे नुसतं "हार्मोनियमचा आजचा भाव काय" असं दुकानात विचाराल तर जो आकडा मिळेल तो काही कामाचा नाही. या चार उत्तरांसकट तीन ठिकाणी फोन करा, दादर-गिरगावला वाद्यांची जुनी दुकानं आहेत, ठाण्यातही आहेत, आणि मधला आकडा धरा. ऑनलाइन दिसणारा सगळ्यात स्वस्त आकडा धरू नका, त्यातल्या बऱ्याच पेट्यांचं लाकूड आणि सूर हलके असतात आणि मग तुम्ही सागवानी पेटीची तुलना भलत्याशीच करत बसता.

टक्क्यांचं म्हणाल तर माझी सवय अशी आहे: दोन-तीन वर्षांची, बिलासकट, फारशी न वाजवलेली असेल तर ६५ ते ७०, दहा-पंधरा वर्षांची असेल तर ५० ते ५५, त्याहून जुनी आणि कुणी बनवली तेही माहीत नाही अशी असेल तर ४०. हा काही सरकारी नियम नाही, पण यावर मी आजवर पस्तावलो नाही. चांगल्या कारागिराची पेटी वयाने फार उतरत नाही, लाकूड मुरलेलं असतं, म्हणून ५० च्या खाली मी सहज जात नाही.

आणि हो, "जर्मन सूर आहेत". हे वाक्य तुम्हाला दर दुसऱ्या घरात ऐकू येईल. पूर्वी जर्मनी आणि फ्रान्समधून सूर यायचे, त्या पेट्या अजूनही लोक जपून ठेवतात आणि त्यांना जास्त पैसे मिळतात हे खरं आहे, नंतर आपल्याकडे गुजरातेत पालिताण्याला सूर बनायला लागले आणि आज बहुतेक पेट्यांत तेच असतात, त्यात वाईट काही नाही. पण माझी पहिली पेटी मी या एका वाक्यावर तीन हजार जास्त देऊन घेतली आणि सहा महिन्यांनी पेटी उघडणाऱ्या कारागिराने हसून सांगितलं की दादा, हे जर्मनीला कधी गेलेच नाहीत. तेव्हापासून नियम एकच, कारागिराने उघडून सांगितलं तर जर्मन, नाहीतर साधे धरून भाव करायचा.

पेटी समोर आल्यावर

गाणं वाजवू नका. विकणाऱ्या काकूंनी चहा आणेपर्यंत पुढची तपासणी शांतपणे करा.

सगळे स्टॉपर, म्हणजे सुरांच्या लाइनची हवा चालू-बंद करणाऱ्या समोरच्या खुंट्या, बंद करा. भाता मारत राहा, आतला भाता भरला की बाहेरचा हाताला कडक लागतो. तो तसाच दाबून धरा. जागेवर थांबला तर छान. हाताखाली हळूहळू सरकत गेला तर हवा भात्यातूनच कुठेतरी जातेय, बहुतेक घड्यांच्या कोपऱ्यांतून जिथे चामडं किंवा कापड चिकटवलेलं असतं, गाल जवळ नेलात तर हवा लागते सुद्धा. एका कोपऱ्याचं असेल तर ठिगळ लावून भागतं, सगळ्याच घड्या कुरकुरीत झाल्या असतील तर भाता बदलणं आलं, आणि हे दोन खर्च एकमेकांपासून लांब आहेत, म्हणून नीट बघा.

आता स्टॉपर उघडा पण पट्टी एकही दाबू नका, पुन्हा भाता मारा. आधी थांबत होता आणि आता सरकतोय म्हणजे भाता बरा आहे, गळती पट्ट्यांखाली आहे. प्रत्येक पट्टीच्या शेपटाखाली एक भोक असतं आणि त्यावर फेल्ट आणि चामड्याची गादी बसते, ती झिजली, कडक झाली किंवा झुरळांनी कुरतडली की भोक नीट झाकलं जात नाही. जास्त झालं की एखादा सूर न दाबताच बारीक भुंकत राहतो. खाडीकाठच्या घरांत पट्टीखालची स्प्रिंग गंजून ढिली पडल्यानेही हेच होतं. ही दुरुस्ती तशी स्वस्त असते, पण ४२ च्या ४२ गाद्या गेल्या असतील तर स्वस्त राहत नाही.

मग सूर. हा खरा वेळखाऊ भाग आहे आणि लोक नेमका हाच टाळतात. दोन लाइनची ४२ पट्ट्यांची पेटी म्हणजे ८४ सूर, आणि दोन्ही लाइन एकत्र वाजवल्यात तर एक मेलेला सूर दुसऱ्याच्या आवाजात लपून जातो. म्हणून फक्त खर्जाचा स्टॉपर उघडा आणि डावीकडून उजवीकडे एकेक पट्टी आधी अगदी हलक्या हवेवर आणि मग जोरात वाजवा, मग तो बंद करून नराचा उघडा आणि पुन्हा तेच. कागदावर पट्टीचा नंबर आणि काय झालं ते लिहा. हलक्या हवेवर उशिरा बोलणारा सूर सेट करून घेता येतो. झणझण करणारा बहुतेक वेळा कचऱ्यामुळे किंवा जिभली थोडी तिरकी होऊन कडेला घासल्यामुळे करतो, हेही पाच मिनिटांचं काम. अजिबातच न बोलणारा एकतर कचऱ्याने अडलाय नाहीतर तुटलाय, बाहेरून कळत नाही, तुटलेला धरून चाला.

सूर उतरलाय का हे कानाने कळत नसेल तर फोनवर कुठलंही ट्यूनर अ‍ॅप घ्या. एक लाइन उघडी ठेवून मधल्या सप्तकातल्या बारा पट्ट्या तपासा, हवेचा जोर सारखा ठेवून, कारण जोर बदलला की काटाही हलतो. सगळ्याच पट्ट्या साधारण तेवढ्याच खाली किंवा वर दाखवत असतील तर पेटी आपसात सुरात आहे, एकट्याच्या रियाजाला काही बिघडत नाही, फक्त बासरी, पेटीला जुळवून न घेतलेली गिटार किंवा तानपुऱ्याच्या अ‍ॅपबरोबर जुळणार नाही. पण एक ५ सेंट वर, शेजारची २० सेंट खाली असं विखुरलेलं असेल तर पूर्ण ट्यूनिंग वजा करायचंच. दुसरी परीक्षा अशी की दोन्ही लाइन उघडून एकच पट्टी धरून ठेवायची, आवाजात लाटा आल्या, म्हणजे वँव-वँव असं झालं, तर खर्ज आणि नर एकमेकांशी जुळत नाहीत.

ट्यूनिंगबद्दल एक जास्तीची गोष्ट सांगतो कारण ती किमतीत फार फरक करते. पितळी सूर जुळवताना जिभली खरवडतात, टोकाला खरवडली की सूर चढतो, मुळाशी खरवडली की उतरतो. म्हणजे दर ट्यूनिंगला धातू थोडा कमी होतो. वीस वर्षांत सात-आठदा ट्यून झालेल्या पेटीचे सूर इतके पातळ होतात की जुळवून आणल्यावर दोन महिन्यांत परत हलतात आणि मग एकेक तुटायलाही लागतात. विकणाऱ्याने वरचं झाकण आणि पट्ट्यांची फळी उघडू दिली तर टॉर्च मारून सुरांकडे बघा, जिभलीवर दोन्ही टोकांना दाट ओरखडे दिसले तर ती पेटी ट्यूनिंगचा खर्च वजा करूनही घेऊ नका, तिथे सुरांचा पूर्ण सेट बदलण्याचा खर्च वजा करावा लागतो आणि मग विकणाऱ्याच्या हातात देण्यासारखं काही उरत नाही. स्वतः काही उघडू नका मात्र, पट्ट्यांचा क्रम आणि स्प्रिंगा विस्कटल्या तर मोडलंत ते तुम्हीच.

कपलर लावून वरची पट्टी आपोआप दाबली जाते का ते सगळ्यात वरचं सप्तक सोडून बाकी सगळ्या पट्ट्यांवर बघा. स्केलचेंजर असेल तर प्रत्येक घरात सरकवून वरची गळतीची परीक्षा पुन्हा करा, कारण पांढरी एकवर घट्ट असलेली पेटी काळी दोनला नेली की फुसफुसते असं खूप वेळा होतं, आणि विकणारा ती नेहमीच्या घरातच ठेवून दाखवतो. नवशिक्याला माझा सल्ला, स्केलचेंजरसाठी जास्त पैसे मोजू नका, एका सुरात दोन वर्षं शिकणार असताना त्याचा उपयोग कमी आणि बिघाड जास्त.

नौपाड्यातली पेटी, पूर्ण हिशोबासकट

गेल्या दिवाळीनंतर शेजारच्या वहिनींसाठी नौपाड्यात एक पेटी बघितली. घर रिडेव्हलपमेंटला गेलं होतं, काका-काकू मुलाकडे खारघरला चालले होते, पेटी न्यायला जागा नव्हती. ४२ पट्ट्या, दोन लाइन खर्ज-नर, कपलर, स्केलचेंजर नाही, सागवान, २०११ ला तेरा हजारांना घेतलेली. काकांनी पंधरा हजार सांगितले. त्यांचा हिशोब असा की तेव्हापासून सगळंच महागलंय.

तशाच पेटीचे तीन फोन केले होते, २२ हजार, २४ हजार आणि साडेसव्वीस. मधला धरला, २४. पेटी तेरा-चौदा वर्षांची, म्हणून ५५ टक्के, म्हणजे १३,२००. इथपर्यंत काका खूश होते.

मग कागद काढला. भाता बंद स्टॉपरवर सरकत होता, डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातून हवा येत होती, बाकी घड्या मऊ होत्या, ठिगळाचे ८०० धरले. सहा पट्ट्यांच्या गाद्या आणि दोन ढिल्या स्प्रिंगा, ६००. नराच्या लाइनमधली एक पट्टी मुकी, सूर बदलायचे २००. आणि मधलं सप्तक सेंटमध्ये इकडेतिकडे विखुरलेलं, पूर्ण ट्यूनिंग २,५००. हे दर मी आदल्या दिवशी आमच्या पेटी दुरुस्त करणाऱ्यांना फोनवर विचारून ठेवले होते, हे जाण्याआधीच विचारायचं असतं, तिथे बसून अंदाजपंचे बोललं तर कुणी ऐकत नाही. बेरीज ४,१००. तेरा हजार दोनशेतून गेले, उरले ९,१००. जाड कॅनव्हासची बरी बॅग होती, तिचे ५००. म्हणजे ९,६००.

काका म्हणाले, अहो पण ट्यूनिंग तर सगळ्याच पेट्यांना लागतं. बरोबर आहे, मी म्हटलं, पण दुकानातली नवी पेटी ट्यून करूनच मिळते ना, आणि आपण टक्के त्याच पेटीचे काढलेत. मग त्यांना स्वतःला मुकी पट्टी वाजवायला दिली आणि गाल लावून हवा दाखवली, त्याने जास्त काम झालं. दहा हजारावर जमलं. दुरुस्तीला प्रत्यक्षात ४,६०० लागले, कारण उघडल्यावर आणखी पाच गाद्या खाल्लेल्या निघाल्या, म्हणून आता मी गाद्यांचे थोडे वाढवूनच धरतो. वहिनींना पेटी १४,६०० ला पडली, नवी २४ ची.

तुम्ही विकणारे असाल तर हाच हिशोब उलटा वाचा. विकायच्या आधी तीन हजारांचं ट्यूनिंग करून घेऊ नका, घेणारा त्याचे पूर्ण पैसे देत नाही. मुकी पट्टी तेवढी चालू करून घ्या, पुसून घ्या, बिल असेल तर शोधून ठेवा. मुकी पट्टी दोनशेत होते पण न केल्याने घेणाऱ्याच्या मनात हजार-दीड हजार कमी होतात.

तबला-डग्गा

इथे चामडं झिजणारच आहे, तो टायरसारखा भाग आहे. म्हणून भाव करायचा तबल्याच्या लाकडी खोडाचा आणि डग्ग्याच्या भांड्याचा, पुडी, म्हणजे वर मढवलेलं चामडं, चांगली असली तर तो बोनस.

खोड उचलून बघा, शिसवाचं जड लागतं. बाहेर पॉलिश असतं म्हणून उलटं करून बुडाला बघा, चीर किंवा वाळवीची बारीक भोकं असतील तर सोडून द्या. डग्गा तांब्याचा, पितळेचा की स्टीलचा ते विचारा, पितळेवर मुलामा असतो म्हणून रंगावर जाऊ नका, तळाशी कुठे घासलं गेलंय तिथला रंग बघा, आणि जमलं तर वजन करा, कारण नवा डग्गासुद्धा वजनावरच महाग-स्वस्त होतो. पोचा आला असेल तर आवाजात फार फरक पडत नाही पण किमतीत पडू द्या.

पुडीवर आधी शाई, म्हणजे मधला काळा गोल, बघा. बारीक भेगांची जाळी असतेच, ती असावीच लागते, पण खपली निघाली असेल किंवा बोटाने दाबल्यावर कडा हलत असेल तर ती पुडी गेली. मग चाटेवर, म्हणजे पुडीच्या कडेच्या पट्टीवर, "ना" वाजवत गोल फिरा, वादीची सोळा घरं असतात, प्रत्येक घराशी सूर जवळपास तोच यायला हवा, एका बाजूला उतरत असेल तर हातोडीने गजऱ्यावर, म्हणजे पुडीभोवतीच्या चामड्याच्या वेणीवर, ठोकून बघायला सांगा, जुळला आणि दहा मिनिटं टिकला तर ठीक. गजऱ्यालगत चामडं पांढरं पडून फाटायला आलं असेल तर ट्यून करतानाच फाटेल. जुलै-ऑगस्टमध्ये ठाण्यात कुठलाही तबला उतरलेलाच वाटतो, तेव्हा त्यावरून भाव पाडणं हा अन्याय आहे, पण चामड्यावर बुरशीचे डाग असतील तर ती वेगळी गोष्ट.

विचारायचा अजून एक प्रश्न, तबला कुठल्या सुराचा. साधारण साडेपाच इंच तोंडाचा तबला काळी एकच्या आसपास लागतो, तुमच्या क्लासमध्ये दुसरा सूर असेल तर कितीही स्वस्त मिळाला तरी उपयोग नाही. सुराला चालत असेल तर नव्या जोडीच्या ५०-५५ टक्क्यांतून गेलेल्या पुड्यांचे पैसे बसवण्याच्या मजुरीसकट वजा करा. चुंबळी, कव्हर, हातोडी धरून चारेकशे मिळवा. शिसवाचं खोड आणि जड तांब्याचा डग्गा असेल तर मी वयाचे टक्के कापतच नाही, ६५ ला धरतो, कारण त्यांना वय लागत नाही.

गिटार

शिकाऊ गिटारचा हिशोब जरा निर्दय असतो. पाच-सहा हजारांची नवी गिटार वर्षभरात अर्ध्यावर येते, आणि नेक वाकली असेल तर शून्यावर.

पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर जाड तार एकदम दाबून धरा आणि सातव्याजवळ तार आणि फ्रेटमधली फट बघा. कागद सरकेल एवढी हवी. नाणं जाईल एवढी असेल तर नेक पुढे वाकलीय. आत ट्रस रॉड, म्हणजे नेक सरळ करायची धातूची सळी, असेल तर सरळ होते, रॉडचं टोक आवाजाच्या भोकातून किंवा डोक्याकडे छोट्या झाकणाखाली दिसतं. रॉड नसलेली वाकडी गिटार फुकटही आणू नका. मग पट्टीने बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची मोजा, अडीच-तीन मिलिमीटर चालतं, चारच्या पुढे पोराची बोटं सोलून निघतील. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद आत जातोय का बघा, जात असेल तर ब्रिज उचकटतोय, गाडीत उन्हात राहिलेल्या गिटारींचं हे ठरलेलं. पहिल्या तीन फ्रेटवर तारांखाली खाचा पडल्या असतील आणि तार झणकत असेल तर फ्रेटचं काम आलं, स्वस्त गिटारवर ते परवडत नाही.

तारा जुन्या असणारच, नव्या सेटचे पैसे वजा करा आणि पुढे चला. कापो, बेल्ट, पिकं यांच्यासाठी काही मिळवू नका, कडक केस असेल तर मिळवा.

व्यवहार आणि घरी नेणं

न बघता टोकन पाठवू नका, क्यूआर कोड स्कॅन केला की तुम्हाला पैसे येतील असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. दिवसा उजेडात, विकणाऱ्याच्या घरी जाऊन बघा, आणि शक्य असेल तर क्लासमधल्या एखाद्या मोठ्या विद्यार्थ्याला बरोबर न्या.

पेटी नेताना भाता मिटवून खिट्टी लावा, सगळे स्टॉपर आत ढकला, कपलर सोडा, आणि रिक्षात सीटवर सपाट ठेवून हात धरून बसा, उभी केली की पट्ट्या सरकतात. घरी नेल्यावर त्या कागदावरची तपासणी एकदा परत करा, रस्त्यात काही हललं असेल तर कारागिराकडे जातानाच त्या यादीत लिहून ठेवता येतं.